मुलांच्या वहीत गुणाकाराची ‘जाळी’ दिसली? उत्तर चुकलंय की पद्धत, हे फोटोवरून कसं ओळखायचं?

मागच्या महिन्यात सकाळी सकाळी ताईचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. ती अमेरिकेत असते, तिची मुलगी पाचवीत आहे. आपल्याकडे सकाळ म्हणजे तिकडे रात्र, गृहपाठाची वेळ.

फोटोत वहीचं एक पान होतं. पानावर सहा चौकोनांची जाळी, प्रत्येक चौकोनात तिरपी रेघ, रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक आकडा. खाली ताईचा मेसेज : “अगं, हे काय आहे? गणित ३४८ गुणिले २७ आहे. कॅल्क्युलेटर ९३९६ म्हणतोय, हिचं १६५९६ आलंय. मी सगळं खोडून आपल्या पद्धतीने करायला लावू का?”

मी विचारलं, याआधी काय करायचीस? तर कळलं की गेले दोन आठवडे भाची प्रत्येक गणित दोनदा करत होती. एकदा शाळेसाठी जाळीत आणि एकदा आईसाठी उभ्या मांडणीत. आईला जाळी कळत नसल्यामुळे जाळीतलं बरोबर उत्तरही घरी बरोबर धरलं जात नव्हतं.

अशा वेळी पालकांना दोन प्रश्न पडतात. ही पद्धत खरी आहे का? आणि उत्तर चुकलं असेल तर नेमकं कुठे चुकलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जाळीत खरं तर उभ्या मांडणीपेक्षा लवकर सापडतं. हेच गणित घेऊन बघूया.

ही पद्धत आली कुठून?

इंग्रजीत हिला लॅटिस मल्टिप्लिकेशन म्हणतात. लॅटिस म्हणजे जाळी. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पातून तयार झालेल्या ‘एव्हरीडे मॅथेमॅटिक्स’ या अभ्यासक्रमामुळे ती बऱ्याच शाळांत पोहोचली. त्यामुळे अनेकांना वाटतं, हे हल्लीचं काहीतरी फॅड आहे.

पण ही पद्धत जुनी आहे. इटलीतल्या त्रेव्हिजो शहरात १४७८ साली अंकगणिताचं एक पुस्तक छापलं गेलं. छापील अंकगणिताच्या सगळ्यात जुन्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात ही जाळी आहे. इटलीत तिला ‘जेलोसिया’ म्हणत, म्हणजे खिडकीला लावायची जाळी.

आणि आपल्याकडे? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली. त्यातही ही जाळीची पद्धत समजावलेली आहे. हे गणेश दैवज्ञ कोकणातल्या नांदगावचे, ‘ग्रहलाघव’ हा ज्योतिर्गणितावरचा प्रसिद्ध ग्रंथही त्यांचाच.

म्हणजे ताईला जी पद्धत परकी वाटत होती, ती कोकणातल्या एका गणितज्ञाने पावणेपाचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती.

जाळी वाचायची कशी?

३४८ हा आकडा जाळीच्या वर लिहितात, एकेका उभ्या रांगेवर एकेक अंक. २७ उजव्या बाजूला वरून खाली लिहितात, एकेका आडव्या ओळीसमोर एकेक अंक. वर तीन अंक, बाजूला दोन, म्हणून सहा घरं.

प्रत्येक घरात वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ असते. त्या घराच्या वरचा अंक आणि बाजूचा अंक यांचा गुणाकार घरात लिहायचा. दशक रेघेच्या वर, एकक रेघेच्या खाली. आठ साते छप्पन्न, तर ५ वर आणि ६ खाली. गुणाकार एकाच अंकी असेल, तर वरच्या भागात शून्य. तीन दुणे सहा, तर वर ० आणि खाली ६.

३४८ गुणिले २७ ची बरोबर भरलेली जाळी अशी दिसते. इथे रेघेच्या वरचा अंक आधी आणि खालचा नंतर लिहिला आहे :

| ३ | ४ | ८ | |
|---|---|---|---|
| ०/६ | ०/८ | १/६ | २ |
| २/१ | २/८ | ५/६ | ७ |

आता बेरीज. तिरप्या रेघा एका घरातून दुसऱ्या घरात सरळ पुढे जातात, त्यामुळे जाळीचे तिरपे पट्टे पडतात. वर तीन आणि बाजूला दोन अंक असतील तर पट्टे पाच. सुरुवात खालच्या उजव्या कोपऱ्यातून करायची.

पहिल्या पट्ट्यात एकच अंक आहे, ६. हे एकक.

दुसऱ्या पट्ट्यात ६, ५ आणि ८. बेरीज १९. ९ लिहायचे, हातचा १.

तिसऱ्या पट्ट्यात १, ८, २ आणि १. बेरीज १२, हातचा धरून १३. ३ लिहायचे, हातचा १.

चौथ्या पट्ट्यात ०, ६ आणि २. बेरीज ८, हातचा धरून ९.

पाचव्या पट्ट्यात फक्त ०.

हे अंक जाळीच्या बाहेर, पट्टा जिथे संपतो तिथे लिहिलेले असतात. म्हणून उत्तर वाचताना आधी डाव्या बाजूने वरून खाली यायचं आणि मग तळाशी डावीकडून उजवीकडे जायचं. डाव्या बाजूला ० आणि ९, तळाला ३, ९, ६. म्हणजे ०९३९६. सुरुवातीचं शून्य सोडून द्यायचं. उत्तर ९३९६.

पण हे बरोबर का येतं?

ताईचा पुढचा प्रश्न हाच होता. पाठ करून उत्तर काढायचं असेल तर त्यात गणित कुठे आहे?

गणित त्या तिरप्या पट्ट्यांत आहे. वरचा ४ आणि बाजूचा २ यांचं घर बघा. आपण चार दुणे आठ म्हणतो, पण ३४८ मधला ४ म्हणजे ४० आणि २७ मधला २ म्हणजे २०. खरा गुणाकार आहे ४० गुणिले २०, म्हणजे ८००. त्यामुळे हे ८ शतकाच्या जागी जायला हवेत. त्या घराचा खालचा भाग उजवीकडून तिसऱ्या पट्ट्यात येतो आणि तिसरा पट्टा म्हणजेच शतक.

कुठलंही घर घ्या, असंच होतं. पट्टा म्हणजे स्थान. एकक, दशक, शतक, हजार, दशहजार. उभ्या मांडणीत आपण दुसऱ्या ओळीत एक शून्य देतो किंवा फुली मारतो, ते काम इथे तिरपी रेघ करते.

उभ्या मांडणीत आपण ३४८ ला आधी ७ ने गुणतो आणि मग २० ने. २४३६ आणि ६९६० येतात, त्यांची बेरीज ९३९६. आता जाळीतली फक्त ७ ची ओळ घ्या आणि तेवढ्याच ओळीतले पट्टे जोडा. उजवीकडून ६. मग ५ आणि ८ मिळून १३, तीन लिहून हातचा १. मग २ आणि १ मिळून ३, हातचा धरून ४. शेवटी २. झाले २४३६.

तीच संख्या. म्हणजे जाळीची प्रत्येक ओळ ही उभ्या मांडणीतली एकेक ओळ आहे. तेच सहा पाढे, तेच हातचे. फरक एवढाच की उभ्या मांडणीत गुणाकार आणि हातचा एकाच वेळी सांभाळावे लागतात. जाळीत आधी सगळे गुणाकार होतात आणि हातचे शेवटी येतात.

पालकांसाठी याचा फायदा असा की सगळे गुणाकार कागदावर स्वतंत्र दिसतात. उभ्या मांडणीत मुलाने मनात धरलेला हातचा चुकला, तर तो आपल्याला दिसत नाही.

फोटो कसा मागायचा?

वही हातात असेल तर पुढचा अर्धा त्रास वाचतो. पण बाबा दुसऱ्या गावी, मावशी दुसऱ्या देशात आणि वहीचा फोटो ग्रुपवर, हे आता घरोघरी होतं. जाळीच्या फोटोत काही खास अडचणी येतात.

पहिली गोष्ट, फोटोत जाळीच्या चारही बाजू हव्यात. लोक जाळीवर झूम करून फोटो काढतात आणि नेमके बाहेरचे अंक कापले जातात. वर आणि उजवीकडे मूळ संख्या असतात, डावीकडे आणि खाली उत्तर असतं. हातचेही बहुतेक वेळा जाळीच्या बाहेरच बारीक अक्षरात लिहिलेले असतात. ते दिसलेच पाहिजेत.

दुसरी गोष्ट, फोटो आडवा झालाय का बघा. जाळी एका बाजूला फिरवली की तिरप्या रेघांची दिशाच उलटी दिसते. अंक सरळ उभे दिसेपर्यंत फोटो फिरवा आणि मगच रेघ कुठून कुठे जाते ते ठरवा. अंक सरळ असूनही रेघा डावीकडून उजवीकडे उतरत असतील, तर मुलाने त्या उलट्या काढल्यात किंवा शाळेत मांडणीच वेगळी शिकवली आहे. अशा वेळी पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणाचा फोटो मागवून घ्या.

तिसरी गोष्ट, तिरपी रेघ स्वतःच अंकांसारखी दिसते. रेघेला चिकटलेला १ हा ७ किंवा ४ वाटू शकतो, ० ला रेघ लागली की ६ वाटतो. पेन्सिल फिकट असेल तर आणखी गोंधळ. बाजूने उजेड पडेल असा फोटो काढायला सांगा, फ्लॅश नको, कारण पेन्सिलीचं शिसं फ्लॅशमध्ये चमकतं.

आणि चौथी गोष्ट मी स्वतः चुकले म्हणून सांगते.

मी काय चुकले?

ताईचा फोटो आल्यावर मी प्रत्येक घर बघत गेले. तीन दुणे सहा, आहे. चार दुणे आठ, आहे. आठ दुणे सोळा, आहे. सहाही घरं मला बरोबर वाटली. मग मी पट्टे जोडले, तर ९३९६ आले. मी ताईला लिहिलं, “घरं सगळी बरोबर आहेत, तिची बेरीज चुकली असणार.”

थोड्या वेळाने ताईचा फोन. “मावशीने बेरीज परत करायला सांगितली म्हणून तिने तीनदा केली. प्रत्येक वेळी १६५९६ च येतंय. आता ती रडायला आली आहे.”

मी फोटो पुन्हा उघडला. चार दुणे आठच्या घरात ८ होते, पण रेघेच्या वर. आणि ० खाली. मला उत्तर आठ असणार हे माहीत होतं, म्हणून आठ दिसल्यावर ते कुठे आहेत हे मी बघितलंच नाही. मी फोटो वाचत नव्हते, माझ्या मनातली जाळी वाचत होते.

म्हणून नियम असा : आधी फोटोत जे दिसतं ते तसंच्या तसं एका कागदावर उतरवून घ्या. वर काय, खाली काय. तेव्हा पाढे म्हणायचे नाहीत. उतरवून झालं की मगच एकेक घर पाढ्याशी ताडून बघा. मिनिटभराचंच काम आहे, पण ते टाळलं म्हणून मी एका दहा वर्षांच्या मुलीला न केलेल्या चुकीसाठी तीनदा बेरीज करायला लावली.

तिची बेरीज बरोबरच होती. तिच्या जाळीत तिसऱ्या पट्ट्यात १, ०, २, १ आणि हातचा १, मिळून ५. चौथ्या पट्ट्यात ८, ६ आणि २, मिळून १६. सहा लिहून हातचा १. पाचव्यात ० आणि हातचा, म्हणून १. उत्तर १६५९६. चुकीच्या जागी पडलेल्या एका आठवर तिने अगदी बरोबर बेरीज केली होती.

फरक बघा, चूक कुठे आहे ते कळेल

बरोबर उत्तर कॅल्क्युलेटरवर काढता येतं. पण ‘चूक’ एवढंच सांगून मुलाचा उपयोग होत नाही. बरोबर उत्तर आणि मुलाचं उत्तर यांच्यातला फरक काढा. कुठे शोधायचं ते बऱ्याचदा त्यावरून कळतं.

*हातचा राहिला असेल तर* फरक बहुतेक १०, १०० किंवा १००० असा येतो. या गणितात पहिला हातचा विसरला तर उत्तर ९२९६ येईल, म्हणजे १०० कमी. दुसरा विसरला तर ८३९६, म्हणजे १००० कमी. फरकात जेवढी शून्यं, त्यावरून पट्टा सापडतो. १०० चा फरक असेल तर शतकाच्या पट्ट्यात यायचा हातचा बघा.

*पाढा चुकला असेल तर* फरक एखाद्या छोट्या संख्येपुढे शून्यं असा येतो. आठ साते चोपन्न लिहिलं तर उत्तर २ ने कमी येईल. चार साते चोवीस लिहिलं तर ४० ने कमी येईल, कारण ते घर दशकाचं आहे.

*घरातले अंक उलटे पडले असतील तर* फरक ९ च्या पाढ्यातला येतो. भाचीच्या गणितात १६५९६ वजा ९३९६ म्हणजे ७२००. शून्यं सोडली की ७२, म्हणजे नऊ आठे. एका ८ ची जागा बदलली, शतकाचे ८ हजारात गेले, म्हणजे ८०० चे ८००० झाले. फरक ७२००. असा फरक दिसला की ज्या घरांचा गुणाकार एक अंकी आहे ती घरं आधी तपासा. तिथे शून्य वर लिहायचं राहून जाणं किंवा खाली जाणं फार सहज होतं.

अर्थात, एकाच जाळीत दोन चुका असतील तर फरकावरून काही कळत नाही. तेव्हा सरळ सहाही घरं आणि पाचही पट्टे तपासावे लागतात.

अंकांच्या बेरजेचा ताळा इथे फसतो

आपल्यापैकी अनेकांना घरी किंवा क्लासमध्ये ताळा करायला शिकवलेलं असतं. संख्येतल्या अंकांची बेरीज एक अंक राहीपर्यंत करत जायची. दोन्ही संख्यांचं असं करून त्यांचा गुणाकार करायचा आणि तो उत्तराच्या अंकांच्या बेरजेशी जुळतो का बघायचं.

इथे करून बघा. ३४८ चे अंक मिळून १५, म्हणजे ६. २७ चे मिळून ९. सहा नवे चोपन्न, पाच आणि चार नऊ. म्हणजे बरोबर उत्तराच्या अंकांची बेरीज करत गेलं की ९ यायला हवेत.

९३९६ चे अंक मिळून २७, म्हणजे ९. बरोबर.

आता भाचीचं चुकलेलं उत्तर. १६५९६ चे अंक मिळून २७. म्हणजे पुन्हा ९. ताळा जुळला!

असं का झालं? या ताळ्यात अंक कुठल्या जागी आहे याला किंमतच नसते. ८ शतकात असो की हजारात, त्याच्यासाठी ते ८ च. जाळीतल्या चुका मात्र बहुतेक जागेच्या असतात, म्हणून इथे या ताळ्याच्या भरवशावर बरोबरची खूण करू नका. राहिलेला हातचा तो पकडतो. ९२९६ चे अंक मिळून २६ येतात, म्हणजे ८, ताळा जुळत नाही. पण उलटं पडलेलं घर त्याला दिसत नाही.

त्यापेक्षा साधा अंदाज कामाला येतो. ३४८ म्हणजे जवळजवळ ३५०, २७ म्हणजे ३० च्या आतले. ३५० गुणिले ३० म्हणजे १०,५००. दोन्ही संख्या आपण वाढवून धरल्या आहेत, म्हणजे खरं उत्तर १०,५०० च्या आतच असणार. १६५९६ बघितल्या बघितल्या बाद होतं. मुलाला जाळी भरण्याआधी हा अंदाज कोपऱ्यात लिहून ठेवायला सांगा.

जाळीसारखी दिसणारी दुसरी पद्धत

वहीत चौकोन आहेत पण तिरप्या रेघा नाहीत, असं दिसलं तर ती जाळी नाही. ती बॉक्स मेथड किंवा एरिया मॉडेल. तिच्यात वर ३००, ४० आणि ८ लिहितात, बाजूला २० आणि ७. घरांमध्ये पूर्ण गुणाकार असतात : ६०००, ८००, १६० आणि खालच्या ओळीत २१००, २८०, ५६. सहांची सरळ बेरीज ९३९६.

या दोन्हींची सरमिसळ करून तपासू नका. बॉक्समध्ये ८०० लिहिलेले असतील तर ते बरोबर आहेत. जाळीत त्याच घरात ०/८ बरोबर आहे.

अमेरिकेत बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या किंवा त्यावर आधारलेल्या ‘कॉमन कोअर’ या मानकांमध्ये चौथीला स्थानिक किमतीवर आधारलेल्या वेगवेगळ्या रीतींनी गुणाकार अपेक्षित आहे आणि पाचवीत प्रचलित मांडणी सफाईने यावी असं म्हटलं आहे. म्हणून गृहपाठाच्या वरची सूचना वाचा. ‘लॅटिस वापरून सोडवा’ असं लिहिलं असेल तर उभ्या मांडणीतलं बरोबर उत्तरही अपुरं ठरू शकतं. काहीच लिहिलं नसेल तर मुलाला जी येते ती पद्धत चालावी, पण एकदा शिक्षकांना विचारून घेतलेलं बरं.

मग मुलाला सांगायचं काय?

खोडरबर बाजूला ठेवा. सहांपैकी पाच घरं बरोबर आहेत आणि पाचही पट्ट्यांची बेरीज बरोबर आहे, तर ते खोडण्याचं कारण नाही. चुकलेल्या घराला पेन्सिलीने हलका गोल करा आणि त्याच घराबद्दल विचारा.

मी ताईला सांगितलं की तिला एवढंच विचार : “चार दुणे किती? त्या आठात दशक किती आणि एकक किती?”

भाची म्हणाली, “दशक नाहीच आहे, मग वर काय लिहू? म्हणून आठ वर लिहिले.” तिला जागा रिकामी ठेवायची नव्हती. मग शेजारच्या घरात तीन दुणे सहाला शून्य वर कसं आलं? तर तिथे तिने शाळेतल्या फळ्यावरचं बघून लिहिलं होतं.

म्हणजे चूक घाईची नव्हती. दशक नसेल तर तिथे शून्य लिहायचं आणि एकक खालीच राहायचं, एवढी एक गोष्ट तिला कळली नव्हती. गोल केलेल्या एका घरामुळे ती कळली. सगळं खोडून उभ्या मांडणीत करून घेतलं असतं, तर उत्तर ९३९६ आलं असतं आणि पुढच्या जाळीत तिने पुन्हा आठ वरच लिहिले असते.

तिने ८ आणि ० ची अदलाबदल केली, शेवटचे तीन पट्टे पुन्हा जोडले आणि दुसरा फोटो आला. या वेळी मी आधी कागदावर उतरवून घेतलं आणि मगच ‘बरोबर’ असं लिहिलं.

ताईने आता गृहपाठ दोनदा करून घेणं बंद केलंय. ती जाळीच्या सहा घरांवरून बोट फिरवते आणि पाढे म्हणते. भाची पट्टे जोडते.